शिफारसपत्र : दाखला नव्हे, साक्ष

आपल्यापैकी अनेकांच्या पेढीवर सुट्टीच्या दिवसांत समाजातील किंवा शेजारपाजारची महाविद्यालयीन मुले काम शिकण्यासाठी येतात. दोन-तीन वर्षांनी त्यांतील एखादा मुलगा किंवा मुलगी पुन्हा दारात उभी राहते आणि म्हणते, "काका, प्रवेशासाठी एक शिफारसपत्र हवे होते." आपण आनंदाने होकार देतो, लेटरहेड काढतो आणि पाच-सहा ओळी लिहून शिक्का मारून देतो. गेल्या डिसेंबरात मीही तेच केले होते. ते पत्र परत आले, आणि ते परत येण्यातून जे समजले ते येथे मांडतो.

आमची पेढी सांगलीच्या हळद बाजारात आडतीचा व्यवहार करते. वाणिज्य शाखेत शिकणारी एक विद्यार्थिनी लागोपाठ दोन उन्हाळे आमच्याकडे होती. आता तिला इंग्लंडमधील एका विद्यापीठात सप्लाय चेन मॅनेजमेंटच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करायचा होता. त्यासाठी दोन शिफारसपत्रे लागणार होती: एक प्राध्यापकांचे आणि दुसरे जिथे प्रत्यक्ष काम केले तेथील. दुसरे माझ्याकडे आले. मी लिहिले की, सदर विद्यार्थिनी अत्यंत हुशार, प्रामाणिक, कष्टाळू व सुसंस्कारित असून तिची वर्तणूक चांगली आहे, आणि तिच्या उज्ज्वल भवितव्यासाठी आमच्या शुभेच्छा आहेत.

पत्र इंग्रजीत करून द्यावे म्हणून मी ते माझ्या मेहुण्यांकडे पाठवले. ते महाविद्यालयातून प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले असून त्यांनी प्रवेश समितीवर अनेक वर्षे काम केले आहे. त्यांनी भाषांतर केलेच नाही. फोन करून म्हणाले, "दाजी, यातले नाव बदलले तर हेच पत्र मी माझ्या नातवालाही देऊ शकेन. तो अजून चौथीत आहे."

बोचले, पण खरे होते. मी लिहिला होता तो चारित्र्याचा दाखला. दाखल्याचे काम इतकेच की, या व्यक्तीविरुद्ध काही वावगे ठाऊक नाही असे सांगणे. शिफारसपत्राचे काम वेगळे आहे. समितीपुढे गुणपत्रिका असते, विद्यार्थिनीने स्वतः लिहिलेले निवेदन असते. या दोन्हींत न दिसणारी आणि तिसऱ्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट तिला पत्रातून हवी असते. म्हणजे साक्षच म्हणा ना. साक्षीदाराला जसे प्रथम 'तू कोण, तू तेथे कसा' असे विचारतात, मग 'काय पाहिलेस' आणि शेवटी 'तुझे म्हणणे काय' असे विचारतात, तसेच पत्राचे तीन भाग पडतात. मेहुण्यांनी मला ते एकेक करून लिहायला लावले.

पहिला भाग लहान असतो. चार-पाच वाक्यांहून मोठा नको. त्यात लिहिणारा कोण, विद्यार्थिनीला तो कोणत्या नात्याने व किती काळ ओळखतो, आणि शिफारस नेमकी कोणत्या अभ्यासक्रमासाठी आहे, एवढे यावे. आपण बहुतेक जण येथे पेढीच्या स्थापनेपासूनचा इतिहास लिहितो; तो वाचणाऱ्याच्या उपयोगाचा नाही. मायना म्हणून 'टु हूमसोएव्हर इट मे कन्सर्न' लिहिण्याचीही आपल्याला सवय आहे. त्यामुळे पत्र गठ्ठ्याने काढून ठेवलेले वाटते. अभ्यासक्रमाचे नाव लिहून त्याच्या प्रवेश समितीला उद्देशून लिहिणे केव्हाही चांगले.

या भागात माझी एक चूक थोडक्यात टळली. मी सहज 'दोन वर्षे आमच्याकडे काम केले' असे लिहून गेलो होतो. हजेरीचे पुस्तक काढून पाहिले, तर पहिल्या उन्हाळ्यात सहा आठवडे आणि दुसऱ्या उन्हाळ्यात सात, असे एकूण तेरा आठवडे भरले. तिने आपल्या अर्जात 'दोन उन्हाळी हंगाम' असे बरोबर लिहिले होते. दोन्ही कागद समितीपुढे शेजारी शेजारी ठेवले जातात. माझ्या उदारपणामुळे संशय तिच्यावर आला असता. म्हणून तारखा स्मरणावर सोडू नयेत. विद्यार्थ्याकडून त्याच्या अर्जाची प्रत मागून घ्यावी आणि आपल्या दप्तराशी ताडून पाहावी. शेवटी सुरुवात अशी झाली:

"मी सांगली येथे हळदीच्या आडतीचा व्यवसाय करतो. शेतकऱ्याने आणलेला माल लिलावात विकून देणे, वजन व हिशेब करणे आणि शेतकऱ्याला त्याचे पैसे चुकते करणे हे आमचे काम. सदर विद्यार्थिनीने दोन उन्हाळी हंगामांत मिळून तेरा आठवडे आमच्या हिशेब विभागात काम केले व त्या काळात मी तिचे काम रोज पाहत होतो. ती माझी नातेवाईक नाही. आपल्या सप्लाय चेन मॅनेजमेंट अभ्यासक्रमासाठी तिची शिफारस करण्यास हे पत्र लिहीत आहे."

आडत म्हणजे काय हे आपल्याला सांगावे लागत नाही, पण परदेशातील प्राध्यापकाला ते एका वाक्यात सांगावेच लागते. आणि नाते असल्यास ते लपवू नये. सख्ख्या काकाचे पत्र शक्यतो टाळावेच. आडनाव सारखे दिसले की वाचणारा ते बाजूला ठेवतो.

आता मधला भाग. पत्राचा जीव येथे असतो आणि पत्र फसते तेही येथेच. मेहुण्यांनी मला विचारले, "तिचे दोनच गुण सांगा. पाच नकोत." मी म्हणालो, बारकाईने पाहते आणि प्रामाणिक आहे. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "हे तुम्हांला कोणत्या दिवशी कळले?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. ज्या गुणाला असा एखादा दिवस जोडता येत नाही, तो गुण पत्रात घेऊ नये. आणि दिवस सापडला की तो चार पायऱ्यांत सांगावा: तिला काम काय दिले होते, त्यात तिला काय दिसले, तिने काय केले आणि त्यातून काय झाले.

मला दिवस लगेच आठवला, आणि तेथेच मन अडखळले. तो प्रसंग असा होता.

तिचे काम काट्यावरच्या चिठ्ठ्या आणि संगणकावर निघालेल्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या ताडून पाहण्याचे होते. पट्टीत एकूण वजनातून पोत्याचे, म्हणजे बारदानाचे, वजन वजा होते. आमच्याकडे पूर्वापार पोत्यामागे एक किलो धरले जाई, कारण माल तागाच्या गोणीतून येत असे. अलीकडे बरेच शेतकरी प्लास्टिकच्या विणलेल्या पोत्यांतून हळद आणू लागले होते, आणि वजावट मात्र तीच राहिली होती. दुसऱ्या उन्हाळ्यातील तिसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आले की काट्यावरचा माणूस चिठ्ठीच्या कोपऱ्यात 'ता.' किंवा 'प्ला.' अशी खूण करतो, पण पट्टीत तिचा मागमूसही नसतो. तिने कोणालाही न सांगता दुपारी दोन्ही प्रकारची दहा-दहा रिकामी पोती काट्यावर ठेवली. तागाच्या दहा गोण्या ९ किलो ४०० ग्रॅम भरल्या आणि प्लास्टिकची दहा पोती १ किलो ३०० ग्रॅम. एवढ्यावर न थांबता तिने वेगवेगळी पोती घेऊन आणखी दोनदा वजन केले, आणि मग कागद घेऊन माझ्यासमोर आली.

चाळीस प्लास्टिकची पोती आणणाऱ्या शेतकऱ्याच्या मालातून आम्ही ४० किलो वजा करत होतो, जेव्हा ते ५ किलो २०० ग्रॅम हवे होते. फरक ३४ किलो ८०० ग्रॅमचा. किलोला १४० रुपये दर धरला तर ४,८७२ रुपये एका पट्टीत. तिने त्या हंगामातील चिठ्ठ्या पुन्हा चाळल्या. २६ पट्ट्यांत मिळून ६१० पोती प्लास्टिकची निघाली आणि रक्कम ज्याच्या-त्याच्या दराने सुमारे ७४ हजार रुपये झाली. त्या वजावटीचा लाभ आमच्या तिजोरीत आला नव्हता; तो माल खरेदीदाराकडे गेला होता. पण पट्टीवर नाव आमचे होते. आम्ही ती रक्कम शेतकऱ्यांच्या खाती जमा केली आणि पट्टीत बारदानाचे दोन रकाने केले. मापातील कमी-अधिकपणा हा अचौर्याणुव्रताचा अतिचार आहे, हे लहानपणापासून ऐकत आलेल्या माझ्यासारख्याला ती गोष्ट एका वीस वर्षांच्या मुलीने काट्यावर दाखवून दिली, याची लाज त्या दिवशी वाटली होती.

आता प्रश्न असा की, हे लेटरहेडवर लिहायचे का? आमच्या दिवाणजींनी स्पष्टच सांगितले, "मालक, आपली चूक आपल्याच शिक्क्याने कशाला पाठवायची? तिचे दुसरे काहीतरी लिहा." त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. मी दुसरे उदाहरण लिहूनही पाहिले: ती वेळेवर येत असे, संगणकावरील नोंदी नीटनेटक्या ठेवत असे. ते वाचून दाखवले तेव्हा मेहुणे म्हणाले, "हे कोणत्याही कारकुनाबद्दल खरे असेल. त्या अभ्यासक्रमात माल, माप आणि कागद यांत फरक कुठे पडतो हेच तर शिकवतात. तिने ते आधीच करून दाखवले आहे, आणि ते सांगू शकणारे जगात तुम्ही एकटे आहात."

दोन दिवस विचार करून मी ते लिहायचे ठरवले. पण लिहिण्याचीही रीत असते. पहिल्या मसुद्यात मी आमच्या चुकीची कारणे देत बसलो होतो. चार वाक्ये आमच्या बचावातच गेली. पत्र तिचे आहे, आपले नव्हे, म्हणून ती सगळी काढली. शेतकऱ्यांची आणि खरेदीदारांची नावे घातली नाहीत. उरले ते असे:

"तिला वजनाच्या चिठ्ठ्या व शेतकऱ्यांचे हिशेब ताडून पाहण्याचे काम दिले होते. आम्ही प्रत्येक पोत्यामागे एक किलो वजावट करत होतो. प्लास्टिकच्या पोत्यांना ही वजावट जास्त होते, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते. तिने दोन्ही प्रकारची रिकामी पोती तीन वेळा वजन करून पाहिली, त्या हंगामातील सर्व चिठ्ठ्या तपासल्या आणि २६ हिशेबांतील फरक काढून माझ्यासमोर ठेवला. तो फरक आम्ही शेतकऱ्यांना दिला व आमची पद्धत बदलली. आपल्याला काम देणाऱ्याची चूक दाखवताना तिने आवाज चढवला नाही आणि पुरावा पूर्ण होईपर्यंत ती बोललीही नाही."

शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्यावे. 'प्रामाणिक', 'चिकित्सक', 'संयमी' यांपैकी एकही शब्द येथे नाही, तरी तिन्ही गुण वाचणाऱ्यापर्यंत पोचतात. विशेषण वाचणाऱ्याने लावावे, आपण घटना द्यावी.

दुसऱ्या गुणासाठी एवढी जागा लागली नाही. पहिल्या उन्हाळ्यात पट्टीबद्दल विचारायला शेतकऱ्यांची गर्दी झाली की ती गोंधळून गप्प होत असे. दुसऱ्या वर्षी तिने एक नमुन्याची पट्टी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावली आणि प्रत्येक रकान्यापुढे त्याचा अर्थ साध्या भाषेत लिहिला. हे मी स्वतः पाहिले होते. त्यामुळे काउंटरवरचे वाद कमी झाले असे दिवाणजींचे मत. ते पत्रात 'आमच्या हिशेबनीसांच्या सांगण्यानुसार' असेच घातले, कारण ऐकलेले आणि पाहिलेले यांची सरमिसळ साक्षीत चालत नाही. या उदाहरणाने आणखी एक काम केले. काही विद्यापीठे विद्यार्थ्यातील उणीवही विचारतात. 'फार जास्त कष्ट करते ही तिची उणीव' असे लाडिक उत्तर कोणी खरे मानत नाही. पूर्वी काय जमत नव्हते आणि पुढे कसे जमले, हे सांगितले की उणीवही खरी वाटते आणि प्रगतीही दिसते.

मधल्या भागातून काही गोष्टी बाहेरच ठेवाव्यात. वडिलांचा व्यवसाय, घराण्याची प्रतिष्ठा, धर्म, जात, विवाह, प्रकृती यांचा उल्लेख नको. आपल्याकडे 'सुसंस्कारित कुटुंबातील' हे कौतुकाचे शब्द आहेत. तिकडे वाचणाऱ्याला ते मुलीबद्दल काहीच सांगत नाहीत. तिच्या गणिताबद्दल किंवा इंग्रजीबद्दलही मी लिहिले नाही. ते प्राध्यापकांचे क्षेत्र.

शेवटच्या भागात शिफारस किती जोराची आहे हे एकदाच आणि स्पष्ट सांगायचे असते. येथे भाषेचा एक सापळा आहे. 'समाधानकारक काम केले' किंवा 'नियमांचे पालन केले' हे आपल्याला सौम्य कौतुक वाटते. शिफारसपत्रे वाचून सरावलेल्या माणसाला तो नकार वाटतो. उलट 'अद्वितीय', 'लाखांत एक' हेही तो सोडून देतो. तुलना मोजता येईल अशी द्यावी आणि आपण कोणाशी तुलना करत आहोत ते सांगावे. गेल्या बारा वर्षांत आमच्याकडे सुट्टीत नऊ विद्यार्थी येऊन गेले होते, तेव्हा मी लिहिले:

"सप्लाय चेन या शास्त्राचा मी जाणकार नाही; तिच्या शैक्षणिक तयारीबद्दल तिचे प्राध्यापक लिहितील. पण गेल्या बारा वर्षांत आमच्याकडे काम केलेल्या नऊ विद्यार्थ्यांत मी तिला पहिली मानतो. शिक्षण संपवून ती परत आली तर तिला जबाबदारीच्या जागी घेण्यास मला आनंद वाटेल. मी तिची निःसंकोच शिफारस करतो. अधिक माहिती हवी असल्यास खालील क्रमांकावर किंवा ई-मेलवर संपर्क साधावा."

खाली तारीख, स्वहस्ते सही, पूर्ण नाव, पेढीतील पद, दूरध्वनी आणि ई-मेल. सगळे मिळून एका पानात बसले. इंग्रजी करताना मेहुण्यांनी मराठी मसुदाच समोर ठेवला आणि एकही विशेषण वाढवले नाही.

पत्र पाठवण्याबाबतही दोन शब्द सांगणे जरूर आहे. पूर्वी बंद पाकिटावर सही करून विद्यार्थ्याच्या हाती पत्र देत असत. आता बहुधा विद्यापीठ लिहिणाऱ्याच्याच ई-मेलवर दुवा पाठवते आणि त्यानेच पत्राची पीडीएफ तेथे चढवायची असते. मुलांच्या मोबाइलवरून, आपल्या नावाचा नवा ई-मेल उघडून हे काम उरकण्याची पद्धत मी पाहिली आहे. ती धोक्याची आहे. पत्र खरे असले तरी पाठवण्याची वाट खोटी ठरते आणि उघडकीस आल्यास प्रवेश जाऊ शकतो. पेढीच्या नावाचा ई-मेल असल्यास तोच द्यावा. माझा दुवा स्पॅममध्ये जाऊन पडला होता. तिने चौथ्या दिवशी अदबीने आठवण केली म्हणून सापडला. तेव्हा मुदतीला निदान दोन-तीन आठवडे शिल्लक असताना मुलांनी पत्र मागावे आणि आपणही लगेच लिहायला बसावे.

आणखी एक प्रघात आहे: 'तूच लिहून आण, मी सही करतो.' व्यग्र माणसाला हे सोयीचे वाटते. पण विद्यार्थी मग आपल्या निवेदनातीलच वाक्ये पत्रातही घालतो, कधी दोन्ही पत्रे एकाच हाताची दिसतात, आणि वाचणाऱ्याच्या ते लक्षात येते. विद्यार्थ्याकडून तारखा, अभ्यासक्रमाचे नाव आणि त्याला आठवणारे दोन-तीन प्रसंग मागावेत. वाक्ये आपली असावीत. गंमत अशी की, तिने मला लिहून दिलेल्या प्रसंगांत बारदानाचा प्रसंग नव्हताच. विचारले तेव्हा म्हणाली, "काका, ते पेढीचे आतले होते, मी कसे लिहिणार?"

याच महिन्यात आणखी एका मुलाने पत्र मागितले. तो आमच्याकडे केवळ नऊ दिवस आला होता आणि त्याचे काम मी स्वतः पाहिलेही नव्हते. लिहायला बसलो तर मेहुण्यांच्या प्रश्नाला जोडायला एकही दिवस सापडेना. त्याला बोलावून सांगितले की, माझे पत्र तुला उपयोगी पडणार नाही. ज्या प्रकल्पावर तू वर्षभर काम केलेस त्या प्राध्यापकांकडे जा. तो थोडा हिरमुसला. उपस्थितीचा दाखला हवा असल्यास तो मात्र त्याच दिवशी सही-शिक्क्यानिशी करून दिला.